फोनमधलं दळण

माझी सगळी नोकरी भिवपुरीच्या वीजघरात ऑपरेटर म्हणून गेली. कंट्रोल रूममध्ये बसायचं, पॅनलवरचे काटे बघायचे, तासातासाला लॉगबुकात आकडे लिहायचे. त्या पॅनलवर प्रत्येक बटणाखाली पाटी होती, प्रत्येक दिव्याला ठरलेली जागा होती आणि डोळे मिटून हात नेला तरी तो बरोबर जागी पडायचा. अशा ठिकाणी माणूस बत्तीस-तेहतीस वर्षं बसला की त्याला पसारा सहन होत नाही. घरात चपला वाकड्या दिसल्या तरी माझं डोकं फिरतं, आणि याबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही.

आमच्या हिचं अगदी उलटं. क्वार्टर्समध्ये इतकी वर्षं राहून मी ‘आहे-नाही’ म्हणायला लागलो, ही ‘हाय-नाय’वरच राहिली. तिच्या वस्तू कुठेही असतात आणि तिला त्या सापडतात. खिळ्याला पिशवी, पिशवीत डबा, डब्यात सुई. मी विचारलं की तुला कसं आठवतं, तर म्हणते, त्यात आठवायचं काय.

निवृत्तीनंतर आम्ही गावच्या घरी राहायला आलो. कर्जतहून रिक्षाने वीस मिनिटं. खोपोलीला दिलेल्या मुलीने आईला एक फोन घेऊन दिला आणि तिथून माझ्या छळाला सुरुवात झाली. फोन वाईट नव्हता. पण त्याची मूळची रचनाच अशी होती की जे ॲप येईल ते थेट समोरच्या पानावर येऊन बसायचं. पान भरलं की दुसरं पान, ते भरलं की तिसरं. आत ठेवायला जागाच नाही. घरात आलेलं सामान ओटीवरच उतरवून ठेवावं तसं. हिच्या बहिणीने भजनांचं ॲप टाकून दिलं, नातीने पोपटाचा खेळ टाकला, शेजारणीने पंचांगं टाकली, एक नाही तीन. टॉर्चची दोन होती, फोनची स्वतःची टॉर्च असताना. शिवाय कोणी टाकली हे कोणालाच माहीत नसलेली वीसेक तरी असतील.

ही त्यातून बोट फिरवत जायची. दुसऱ्या पानाला तिने नाव ठेवलं होतं शिळफाटा, कारण खोपोलीच्या वाटेवरच्या त्या नाक्यासारखी तिथे सगळ्यात जास्त गर्दी. “थांबा, शिळफाटा वलांडते,” असं म्हणत ती पान सरकवायची आणि तिसऱ्या पानावर पोपटाच्या शेजारचं हिरवं चित्र दाबायची. ते तिचं व्हॉट्सॲप. त्या हिरव्यावर लाल आकडा दिसला की ती उघडायची, एरवी नाही. फोनची वरची पट्टी खाली ओढून निरोप बघायचा असतो हे मी दहा वेळा सांगितलं. ते तिने दहा वेळा ऐकून घेतलं.

मी शेजारी बसून हे बघायचो आणि मला घाम फुटायचा.

त्या जानेवारीत मात्र गोष्ट नुसत्या माझ्या घामापुरती राहिली नाही. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा चोळलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला. मग मडकं उपडं करून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. हिच्या हातची पोपटी गावात नावाजलेली. पण फार्महाऊसवाल्यांच्या ऑर्डरी नेहमी माझ्या धाकट्या भावाच्या ओळखीने यायच्या. टेंपो त्याचा, बोलणी त्याची, आणि ही मागे राहून मडकी भरणार. या वर्षी खालापूरकडच्या एका फार्महाऊसची देखभाल बघणाऱ्या बाईंनी एका लग्नात हिच्याच हातची पोपटी खाल्ली आणि हिचाच नंबर मागून घेतला. पुढल्या शनिवारी पंधरा माणसांची पोपटी आणि तांदळाच्या भाकऱ्या. नक्की आकडा आणि वेळ शुक्रवारी व्हॉट्सॲपवर कळवते, म्हणाल्या.

हिने मला त्याच दिवशी बजावलं की या कामात माझं किंवा भावाचं तोंड मध्ये नको. बोलणं ती करणार, निरोपाला उत्तर ती देणार. तिच्या नावावरची पहिली ऑर्डर होती ती. ती तसं मोठ्याने म्हणाली नाही, पण दोन दिवस चुलीपाशी गुणगुणत होती.

आणि मला काळजी लागली. शिळफाट्याच्या गर्दीत तो निरोप बुडाला तर?

गुरुवारी संध्याकाळी ही हळदीकुंकवाला गेली. फोन खुंटीखाली चार्जिंगला होता. मी चष्मा लावला, दार लोटून घेतलं आणि फोन हातात घेतला.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या वीजघरात एक नियम होता. कुठल्याही यंत्राला हात लावायचा तर आधी परमिट घ्यायचं आणि स्विचवर लाल कार्ड टांगायचं: काम चालू आहे, हात लावू नये. खाली ज्याने टांगलं त्याची सही. ते कार्ड ज्याने टांगलं त्यानेच काढायचं, मग समोर साहेब उभा असला तरी. मी हा नियम अख्खी नोकरी पाळला आणि नव्या पोरांना ओरडून ओरडून शिकवला. हिलाही जेवताना इतक्या वेळा ऐकवला की तिला पाठ झाला. आणि त्या संध्याकाळी मी दुसऱ्याच्या पॅनलला परमिटशिवाय हात घातला. तेव्हा मला हे सुचलंसुद्धा नाही, कारण मी उपकार करत होतो.

सेटिंगमध्ये जाऊन मी होम स्क्रीनची रचना बदलली आणि ॲपचा ड्रॉवर सुरू केला. आता सगळी ॲप मागे, खालून वर बोट सरकवलं की अक्षरांच्या क्रमाने दिसणार, आणि समोर फक्त आपण ठेवू ती. शिळफाटा एका झटक्यात मोकळा झाला. मला इतका आनंद झाला की मी स्वतःसाठी चहा टाकला.

मग फोल्डर केले. एक चित्र दाबून धरायचं, दुसऱ्यावर नेऊन सोडायचं, की दोघांचं एक खोकं होतं. त्याला नाव द्यायचं. मी शिस्तीत विभाग पाडले. फोन, मेसेज, व्हॉट्सॲप हे सगळं एका जातीचं, म्हणून त्याला नाव दिलं ‘दळणवळण’. भजनं, पोपट, व्हिडिओ हे ‘करमणूक’. कॅमेरा, टॉर्च, कॅल्क्युलेटर ‘साधने’. उरलेलं ‘संकीर्ण’. चारही एका ओळीत बसून शेजारी जागा राहावी म्हणून आडव्या चार घरांची पाच केली. वर हवामानाचं विजेट लावलं, कर्जतचं तापमान दाखवणारं. लॉगबुकाचं कोरं पान असावं तसा पडदा दिसायला लागला.

शेवटी एक चांगलं काम म्हणून मी अक्षरं मोठी केली. हिला जवळचं नीट दिसत नाही. आणि मोठी केल्यावर पडदा पुन्हा तपासला नाही. वीजघरात कोणी असं केलं असतं तर मी त्याला शिफ्टभर उभा केला असता.

ही परत आली ती वाण, तिळगूळ आणि बायकांच्या बातम्या घेऊन. मी फोन पुढे केला. तिने दमलेल्या डोळ्यांनी पाहिलं, “बरं दिसतंय” म्हणाली आणि उशाशी ठेवला. सगळं आत आहे, काही उडालेलं नाही, सकाळी सावकाश दाखवतो, असं मी सांगितलं. ती तोवर झोपली होती.

सकाळी दाखवायचं राहिलं. मला भांबुर्ड्याच्या पाल्याला जायचं होतं. हल्ली आमच्याकडच्या बांधांवर तो पूर्वीसारखा उरला नाही, बंगल्यांची कुंपणं आली. त्यामुळे ओढ्याच्या पलीकडे लांब जावं लागतं. हिने मी निघायच्या आधीच भाकऱ्यांसाठी तांदूळ गिरणीत नेऊन दिले होते आणि मागच्या अंगणात शेंगा निवडायला बसली होती.

पुढचं मला तिच्याकडून आणि गिरणीवाल्याकडून कळलं.

दहाच्या सुमाराला फोन वाजला. कॉल नव्हे, निरोपाचा टिंग. हिने हात पुसून पाहिलं. हिरवं चित्र कुठेच नाही. तापमान आहे, चार खोकी आहेत, आणि पहिल्या खोक्यावर लाल टिकलीत एकचा आकडा. खाली नाव वाचलं. मोठी अक्षरं आणि पाच घरं यांच्या भांडणात नावं मावली नव्हती. फोनने ती अर्ध्यात तोडून पुढे तीन टिंबं दिली होती. ‘दळणवळण’चं झालं होतं ‘दळण…’

हिला वाटलं, दळण झालं.

यात तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. सकाळीच दळण टाकलेलं, नवऱ्याने आदल्या दिवशी फोनमध्ये काय काय नवीन केलेलं, आणि ‘दळण’ असं लिहून त्यावर लाल एक. गिरणीवाल्याने आता फोनवर कळवायची सोय केली असणार असं तिने धरलं. डोक्यावर रिकामा डबा घेऊन ती गिरणीवर गेली. गिरणीवाला म्हणाला, वहिनी, वीज आत्ता आली, तुमचा तिसरा नंबर. ही म्हणाली, फोनवर तर झालंय असं आलंय. त्याने तिला बसायला पोतं दिलं. ती तिथेच बसली. दळण खरोखर होईपर्यंत बसली आणि पीठ घेऊन आली, तेव्हा साडेबारा वाजले होते.

मी पाल्याचा भारा टाकून हात धूत होतो. ती तापलेली आली. डबा खाली ठेवला, फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, हा खोटं बोलतो, दळण आणलं तरी एक जात नाय.

मी खोकं उघडलं. आत फोन, मेसेज, आणि तिचं हिरवं चित्र. त्यावर एक. निरोप फार्महाऊसच्या बाईंचा: माणसं पंधराची पंचवीस झालीत, आणि सहाला जेवण हवं. जमेल का ते बारापर्यंत कळवा, नाहीतर मी दुसरीकडे सांगते.

मी तो वाचून दाखवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे दोघांनी एकदमच पाहिलं. मग तिने फोन घेतला, चष्मा लावला आणि चारही खोक्यांची नावं शांतपणे वाचली. ‘करमणूक’चंसुद्धा मुंडकं तेवढं उरलं होतं.

“करम आन् दळण,” ती म्हणाली. “बाईचा अख्खा जल्म लिवून ठेवलात की वो तुमी.”

मला हसू आलं होतं ते मी गिळलं, कारण तिचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं. इतकं की मी बाईंना मी फोन करतो, चूक माझी आहे असं सांगतो, म्हणालो. तिने मान हलवली. माझं तोंड मध्ये नको हे ठरलेलं होतं. तिने स्वतः फोन लावला, म्हणजे फोनचं चित्र त्या खोक्यात कुठे आहे ते मला विचारून लावला, आणि झालं ते सगळं जसंच्या तसं सांगितलं: मालकांनी फोन आवरला, तुमचा निरोप दळणात गेला, मी गिरणीवर बसून राहिले. पलीकडे बाई इतक्या हसल्या की मला ओसरीवर ऐकू आलं.

पण ऑर्डर गेली होती. त्यांनी बाराच्या ठोक्याला शेजारच्या गावात सांगून टाकलं होतं आणि त्या माणसाने मडकीही काढली होती. दिलेला शब्द फिरवणार नाही, म्हणाल्या. हिनेही फिरवा असं म्हटलं नाही. पुढच्या शनिवारी दुसरी मंडळी येणार आहेत, त्यांचं तुमच्याकडे, पण ताई, तेव्हा फोन सांभाळा, असं सांगून त्यांनी ठेवला.

त्या शनिवारी आम्ही दोघांनीच एक छोटं मडकं लावलं. इतका पाला आणलेला, वाया कशाला घालवायचा. ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. शेंगा मात्र छान झाल्या होत्या, आणि ते मला तिला सांगताही येईना.

रविवारी सकाळी मी फोन तिच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, “परमिट दे. तू सांगशील तेवढंच करतो.”

ती पाट ओढून बसली आणि मला समोर बसवलं. पूर्वीसारखं करून देऊ का विचारलं, तर नको म्हणाली. शिळफाट्याला तीही कंटाळली होती; फक्त वाट तिची तिला हवी होती. माझे चार फोल्डर आधी मोडले. एकेक चित्र ओढून बाहेर काढलं की शेवटी खोकं आपोआप नाहीसं होतं, हे बघून तिला बरं वाटलेलं दिसलं. घरं पाचाची चार केली. हवामान काढायला लावलं. थंडी हाय का ऊन हाय ते दारातून दिसतं, म्हणाली. त्या जागी मोठ्या आकड्यांचं घड्याळ लावायचं ठरलं. रिकाम्या जागी बोट दाबून धरायचं, खाली विजेट असं येतं, त्यातून उचलून आणायचं. ते मी एकदा करून दाखवलं. तिने काढलं आणि स्वतः पुन्हा लावून बघितलं.

घड्याळाखाली एकेक चित्र सुटं: हिरवं, फोन, कॅमेरा. त्यांच्याखाली मुलीचा फोटो, दाबला की सरळ तिलाच फोन लागणारा. त्याच्या शेजारी फार्महाऊसच्या बाई, म्हणजे त्यांच्या चॅटचाच शॉर्टकट, हिरव्यात शिरून शोधायला नको. आणि खाली एकच फोल्डर, भजनांचा आणि पोपटाचा. त्याला काय नाव देऊ विचारलं. “शिळफाटा,” ती म्हणाली. नाव अख्खं दिसतंय की नाही ते तिने स्वतः वाचून पाहिलं आणि मगच मान डोलावली.

उरलेल्यांचं काय करायचं यावर आमचं थोडं वाजलं. मला ती उडवायची होती. मी समजावून सांगितलं की चित्र दाबून धरलं की दोन गोष्टी येतात: ‘काढा’ म्हणजे फक्त समोरून जाईल, आत राहील, ‘अनइन्स्टॉल’ म्हणजे कायमचं जाईल. तिने एक टॉर्च आणि दोन पंचांगं कायमची घालवली. बाकीच्यांना नुसतं समोर येऊ द्यायचं नाही असं ठरलं. मग ती असतात कुठे, तिने विचारलं. मी तिचं बोट धरून खालून वर सरकवलं आणि ड्रॉवर उघडला.

“म्हंजे माथेरान,” ती म्हणाली. “वर चडलं का सगळं हाय, पन रोज कोन जातो.”

मी सगळ्या नोकरीत दिलेल्या पाट्यांपेक्षा ही पाटी चांगली होती. त्या दिवसापासून आमच्या घरात ॲपचा ड्रॉवर म्हणजे माथेरान. मुलीचा फोन आला आणि आई, अमुक ॲप कुठे आहे, असं तिने विचारलं की ही सांगते, वर माथेरानला हाय, जाऊन आनते.

पुढच्या शनिवारी खालापूरला चार मडकी लागली. भाऊ टेंपो घेऊन आला होता, पण नुसता चालवायला. जाळ पेटवायच्या बेतात असताना हिच्या पदरात टिंग झालं. मी चष्मा शोधायला खिसे चाचपले. तेवढ्यात तिने बाईंच्या चित्रावरचा लाल एक पाहिला, दाबला, वाचला आणि बोलून उत्तर पाठवलं: अर्धा तास उशिरा चालेल, मडकी मग आत्ताच लावत नाय. माझा चष्मा तिथवर सापडला होता, पण मला करायला काही उरलं नव्हतं. भाऊ माझ्याकडे बघून हसला. मला अभिमान वाटला आणि थोडं रिकामंही वाटलं, दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही नदीवर गोधड्या घेऊन गेली होती आणि फोन खुंटीखाली चार्जिंगला होता. मी जाता जाता पाहिलं, मुलीचा फोटो ओळीत नव्हता, एक घर खाली घसरला होता. काही बिघडत नव्हतं. पण मी चष्मा लावला आणि फोन उचलला, नुसता तो फोटो वर सरकवायला.

घड्याळाखाली पिवळ्या कागदासारखं काहीतरी होतं. आधी ते तिथे नव्हतं. टिपणाचं विजेट, रिकाम्या जागी बोट दाबून तिने स्वतः शोधून लावलं होतं, मी ते कधीच दाखवलं नव्हतं. त्यावर मोठ्या अक्षरांत, एकही शब्द न तुटता, लिहिलं होतं: काम चालू आहे. हात लावू नये. आणि खाली जिथे सही असायची तिथे: ऑपरेटर.

मी फोन होता तसा खाली ठेवला. ती परत आली तेव्हा मी चपला सरळ करत होतो. ते कार्ड अजून तिथेच आहे, फोटो अजून एक घर खाली आहे, आणि ज्याने टांगलं त्यानेच काढायचं असतं.